सत्तर अक्षरांतला सुरुंग

अलक म्हणजे अति लघु कथा. दोन ते पाच ओळींची, शेवटच्या वाक्याला उलटणारी, आणि बहुतेक वेळा मोबाइलवरच लिहिलेली आणि तिथेच वाचलेली. पुढच्या पानांकडे वळण्याआधी तिच्याविषयी काही गोष्टी बोलून घ्याव्यात असं वाटतं. ही कथा लहान असते हे दिसतंच. ती किती लहान असावी हे कोण ठरवतं, आणि त्या मापात मराठी कशी वागते, हे मात्र चटकन दिसत नाही.

माप ठरवलं ते यंत्राने. मोबाइलच्या साध्या संदेशाला १४० बाइट एवढी जागा असते. रोमन लिपीतल्या एका अक्षराला तिथे सात बिट पुरतात, म्हणून त्या जागेत १६० अक्षरं बसतात. देवनागरीला युनिकोड लागतं, एका चिन्हाला सोळा बिट, आणि तीच जागा सत्तर चिन्हांत संपते. एकाच संदेशात इंग्रजीत लिहिणाऱ्याला १६० आणि मराठीत लिहिणाऱ्याला ७०. पुढे २००६ साली ट्विटर आलं, तेव्हा त्याने संदेशाचीच मर्यादा समोर ठेवून १४० चं माप घेतलं आणि उरलेली वीस अक्षरं लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली. नोव्हेंबर २०१७ मध्ये हे माप दुप्पट होऊन २८० झालं. चिनी, जपानी आणि कोरियन लिपीतलं प्रत्येक अक्षर तिथे दोन धरलं जातं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला १४० च राहिली. देवनागरीचं चिन्ह मात्र रोमनसारखंच एक धरतात. साध्या संदेशात जी गैरसोय होती ती इथे नाही.

पण ‘चिन्ह’ म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. नव्याने लिहिणारे इथे अडखळतात. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर. यंत्र त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची खूण अशी सहा चिन्हं मोजतं. ‘बाई’ची तीन होतात. म्हणजे अर्ध्या जागेत काम होतं आणि वाक्यही जमिनीवर येतं. काना, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, प्रत्येकाचा दाम एक. ‘दुसऱ्या’मधला तो वाकडा र काही कळफलक दोन खुणांनी घालतात आणि काही तीन खुणांनी; दिसायला दोन्ही सारखेच, मोजायला वेगळे. तेव्हा मनात अक्षरं मोजत बसू नये. लिहावं आणि यंत्राचा आकडा पाहावा. या हिशोबाचा एक फायदा असा की तो संस्कृत जोडशब्दांवर जबर कर लावतो. ‘प्रतीक्षा’पेक्षा ‘वाट’ स्वस्त, ‘मृत्यू’पेक्षा ‘मरण’ स्वस्त. अलकमध्ये बोली मराठी इतकी सहज येते ती काही फक्त लेखकांच्या आवडीमुळे नव्हे.

शब्दांची मर्यादा आणि अक्षरांची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगून टाकतो. सहा शब्दांत कथा लिहिण्याची टूम हेमिंग्वेच्या नावावर खपते. त्याने तसं काही लिहिल्याचा पुरावा नाही. त्या धाटणीच्या छोट्या जाहिराती आणि त्यांवरचे मजकूर तो लिहायला लागण्याआधीच अमेरिकी वर्तमानपत्रांत छापून येत होते. पण टूम टिकली. मराठीला तिच्यात बिनकष्टाची सवलत मिळते, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘आजोबांसाठी’ हा एकच शब्द झाला. अक्षरांच्या मापात मात्र तो दहा चिन्हं खातो. म्हणून शब्द मोजून लिहिलेली अलक बऱ्याचदा सैल असते आणि अक्षरं मोजून लिहिलेली ताठ.

आता, हे जिथून लिहितो आहे त्या मलाजखंडविषयी. बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव तांब्यासाठी ओळखलं जातं. हिंदुस्तान कॉपरचा इथला प्रकल्प १९८२ चा, आणि इथली उघडी खाण देशातली सर्वांत मोठी तांब्याची उघडी खाण म्हणून नावाजलेली. जिल्ह्याची दक्षिण बाजू गोंदियाला लागून आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख होता, आणि १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानीही नागपूर. त्यामुळे या भागात घरी मराठी आणि शाळेत, कचेरीत, बाजारात हिंदी अशी कुटुंबं नवलाची नाहीत. इथे मराठी लिहायला बसणारा माणूस हिंदीच्या शेजारात बसतो, आणि हिंदीत ‘लघुकथा’ हा प्रकार मराठीपेक्षा कितीतरी अधिक रुळलेला आहे.

त्या प्रकाराच्या उगमाशी एक मराठी माणूस आहे. माधवराव सप्रे. १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्म, घरची भाषा मराठी, आणि आयुष्यभराचं लेखन हिंदीत. टिळकांचं गीतारहस्य आणि रामदासांचा दासबोध हिंदीत नेले ते त्यांनीच. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी गोष्ट लिहिली. हिंदीतली पहिली कहाणी कोणती या वादात तिचं नाव असतंच. काही अभ्यासक तिला पहिली लघुकथाही म्हणतात. वाद त्यांना लखलाभ. मला ती हवी आहे ती वेगळ्याच कारणासाठी: तिला अलकच्या मापात बसवून पाहिलं की हा प्रकार काय ठेवतो आणि काय टाकतो ते स्वच्छ दिसतं.

गोष्ट अशी. जमीनदाराच्या वाड्याला खेटून एका विधवेची झोपडी असते. वाड्याचं आवार वाढवायला त्याला ती जागा हवी असते. वकिलांना हाताशी धरून तो ती मिळवतो. म्हातारी एक दिवस येते आणि नातीसाठी चूल घालायला झोपडीतली टोपलीभर माती मागते. तो हो म्हणतो. ती माती भरते आणि टोपली उचलू लागायला त्यालाच सांगते. त्याला टोपली हलत नाही. मग ती म्हणते की एक टोपली उचलवत नाही, तर या जागेतल्या हजारो टोपल्यांचं ओझं जन्मभर कसं पेलाल. जमीनदाराचे डोळे उघडतात, तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

तिला १४० मध्ये बसवली तर अशी होते:

झोपडी जमीनदाराने कोर्टातून मिळवली. म्हातारी म्हणाली, “चुलीपुरती एक टोपली माती नेते. उचलू लागा.” टोपली हलेना. “मालक, बाकीची जमीन कशी उचलणार?”

बरोबर १४० भरतात. आधी ‘जरा उचलू लागा’ असं होतं, तेव्हा १४४ होत होती. ‘जरा’ आणि त्याच्यामागची मोकळी जागा काढली. ‘जरा’ गेल्याने म्हातारीची विनवणी थोडी कमी झाली आणि हुकूम थोडा वाढला, जे तिला शोभतं. नात गेली, वाडा गेला, विधवापण गेलं. ‘म्हातारी’ आणि ‘चूल’ या दोन शब्दांनी ते बरंचसं सांभाळलं. पण सर्वांत मोठी काटछाट शेवटी आहे. सप्र्यांच्या गोष्टीत जमीनदार सुधारतो. इथे सुधारायला जागाच नाही. १९०१ च्या वाचकाला तो पश्चात्ताप हवा होता, आणि मासिकाच्या पानावर त्याला जागाही होती. अलक प्रश्नावर थांबते आणि झोपडीचं पुढे काय झालं ते सांगत नाही. हे केवळ आखूडपण नव्हे. उलटणारं वाक्य शेवटचं असलंच पाहिजे. त्यानंतर आलेलं प्रत्येक वाक्य त्याला पुन्हा सुलटं करतं. फिरणाऱ्या अलका घेऊन पाहा. निम्म्यांना फक्त शेवटची ओळ झाकायची गरज असते. कथा तिसऱ्या ओळीला संपलेली असते आणि चौथी ओळ वाचकाला ती समजावून सांगत असते.

मराठीत लघुतेची सवय नव्हती असं नाही. खांडेकरांच्या रूपककथा पानभरात आटोपतात. पण त्या उलटत नाहीत, उमलतात. फूल, पणती, तारा यांच्या तोंडून एक विचार हळूहळू स्पष्ट होत जातो. अलकचं नातं त्यांच्याशी कमी आणि खेड्यातल्या उखाण्याशी किंवा विनोदाच्या शेवटच्या वाक्याशी जास्त आहे. जगात इतरत्र या जातीचं सर्वांत धारदार लेखन मला मंटोच्या ‘सियाह हाशिये’त दिसतं. १९४८ चं पुस्तक, फाळणीच्या दंगलींवरचं. त्यातल्या काही गोष्टी दोन-तीन ओळींच्या आहेत आणि एकाही ओळीत लेखक हळहळत नाही.

आता उलटण्याच्या कारागिरीकडे येतो, कारण मराठी तिथे एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते.

देते ते क्रियापदाच्या जागेतून. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे अख्खं वाक्य वाचून होईपर्यंत काय घडलं ते कळत नाही, आणि वाचक तोवर मनात स्वतःचं क्रियापद घालून मोकळा झालेला असतो. ‘आजी ताटं’ एवढं वाचलं की मन ‘वाढते’ किंवा ‘घासते’ म्हणून टाकतं. तिथे तिसरंच क्रियापद आलं की कथा एका शब्दावर उलटते. ज्या भाषांत क्रियापद मध्येच येऊन जातं, त्यांना यासाठी वाक्य मोडावं लागतं.

काढून घेते ती लिंगातून. ‘गेला’ म्हटलं की पुरुष, ‘गेली’ म्हटलं की स्त्री. ‘मी’ म्हणून लपायला जावं तर ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ तिथेही चुगली करतात. वर्तमानकाळात ‘जातो’, ‘जाते’. रीतिभूतकाळात ‘जायचो’, ‘जायचे’. बोलणारा कोण हे शेवटपर्यंत दडवायचं असेल, तर मराठी लेखकाला दोन-तीनच दारं उघडी राहतात. पहिलं, सकर्मक भूतकाळ: ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’. इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि करणारा सुटतो. दुसरं, भविष्यकाळ: ‘मी जाईन’. तिसरं, ‘मला भूक लागली’, ‘मला आठवलं’ अशी वाक्यं. पहिल्या दारातही फसवे खड्डे आहेत. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘पिणे’, ‘बोलणे’ यांना कर्म असतं, पण ती कर्त्याच्याच मागे जातात. ‘मी चहा प्यायले’ म्हटलं की पडदा पडला. ‘चहा घेतला’ म्हटलं की शाबूत राहतो. अनुभवी लेखकाची अलक उलटून वाचली तर दिसतं की सगळी वाक्यं सकर्मक भूतकाळात आहेत, आणि वाचताना ते एकदाही खटकलेलं नसतं.

खाणीच्या गावातलंच उदाहरण घेऊ. ‘हेल्मेट चढवलं. दिवा तपासला. डबा उचलला. दारातून नवऱ्याने हात हलवला.’ तीन वाक्यं लिंग लपवतात, चौथं उघडं करतं. व्याकरण निर्दोष आहे, फसवणूकही रीतसर आहे. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती; २०१९ मध्ये ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती शिथिल झाली. तेव्हा ही गोष्ट त्याआधी लिहिताच आली नसती, निदान दिव्यासकट तरी नाही. तरीही मी तिला मधल्या दर्जाची म्हणेन. ती वाचकाच्या एका समजुतीवर उभी आहे, ‘खाणीत जातो तो पुरुष’. समजूत गेली की गोष्टही गेली. शिवाय ती दुसऱ्यांदा वाचली तर काही देत नाही. पहिल्या तीन वाक्यांचा अर्थ बदलत नाही, फक्त नाव बदलतं.

ही दुसऱ्या वाचनाची कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. शेवट कळल्यावर पहिली ओळ पुन्हा वाचावी. ती आता वेगळं काही म्हणत असेल, तर कथा उलटली. ती तेच म्हणत असेल आणि फक्त आपल्यापासून काही लपवलं होतं असं कळत असेल, तर ते कोडं होतं. आणि पहिली ओळ आता खोटीच ठरत असेल, तर ती लबाडी. ‘आणि मग जाग आली’ हा शेवट लबाडीचा. भिंतीवरच्या फोटोला हार दिसणं हा शेवट कोड्याचा. वर्षानुवर्षं एवढे हार घातले गेले आहेत की वाचक आता पहिल्या ओळीलाच फोटो शोधतो. वृद्धाश्रमाच्या दारात मुलाला आपला वर्गमित्र भेटणं, भिकाऱ्याने श्रीमंताला पैसे देणं, हेही त्याच रांगेतले. त्यांत वाईट असं काही नाही, पण शेवट आधी ठरवून त्याला तीन ओळींची शेपटी उलट बाजूने लावलेली असते, आणि ते दिसतं.

आता एक अलक मुळापासून करून पाहू. विषय इथलाच. उघड्या खाणीत सुरुंग दिवसाउजेडी, भोंगा वाजवून उडवतात. मलाजखंडची खाण गेल्या काही वर्षांत जमिनीखालच्या कामाकडे वळत गेली आहे. एवढ्या दोन गोष्टी घेऊन बाकीचं कल्पनेने रचलं. पहिला खर्डा असा:

मलाजखंडच्या खाणीत दुपारी सुरुंग उडाला की घराच्या मांडणीवरची ताटं थरथरायची. डोळ्यांनी अधू झालेले आजोबा त्या आवाजावर ओळखायचे की जेवणाची वेळ झाली आहे, आणि आजीला हाक मारायचे. पुढे उघडी खाण बंद झाली आणि सुरुंगांचा हादरा बसेनासा झाला. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून आता रोज दुपारी आजी स्वतःच ताटं हलवते.

मोजली तर २९६. ट्विटरच्या मापापेक्षा सोळा जास्त. सोळा काढणं सोपं आहे; ‘मलाजखंडच्या’ आणि ‘घराच्या’ गेले की काम झालं. पण दोष लांबीचा नाहीच. ‘आजोबांना वाईट वाटू नये म्हणून’ हा एकोणतीस चिन्हांचा तुकडा लेखकाचा आहे, आजीचा नव्हे. तो आधी आल्यामुळे ‘हलवते’ येतं तेव्हा कारण सांगून झालेलं असतं. उलटण्याचा क्षण वाक्याच्या सुरुवातीलाच वाया गेला. तसंच ‘ओळखायचे की जेवणाची वेळ झाली आहे’. माणूस वेळ ओळखतो तेव्हा असं काही म्हणत नाही. तो म्हणतो, वाढ. दुसरा खर्डा:

सुरुंग उडाला की ताटं थरथरायची. आंधळे आजोबा म्हणायचे, “वाढ.” खाण बंद झाली. आता रोज दुपारी आजी ताटं हलवते.

आकडा १०४. जुन्या १४० मध्येही छत्तीस उरतात, पण त्या भरायच्या नाहीत. यातला एकेक शब्द काढून पाहिला. ‘रोज’ काढला तर ती एका दिवसाची लहर होते. ‘दुपारी’ काढलं तर वेळेचा धागा तुटतो. ‘आंधळे’ काढावंसं फार वाटतं, कारण त्या शब्दात दयेची मागणी आहे. पण तो नसेल तर आजोबांनी घड्याळ का पाहू नये याला उत्तर राहत नाही. तो ठेवला. दुसऱ्या वाचनाला पहिली ओळ बदलते का? बदलते. पहिल्यांदा ती खाणीचा त्रास सांगत होती. आता ती एका घराचं घड्याळ सांगते.

इथवर आल्यावर लिहिणाऱ्याला साध्या संदेशाचा मोह होतो. सत्तरात बसेल?

खाण बंद झाली. आंधळ्या आजोबांसाठी आजी रोज दुपारी ताटं थरथरवते.

एकसष्ट. बसली. आणि पुण्यात हिचा काहीही अर्थ लागणार नाही. खाणीचा आणि ताटांचा काय संबंध, हे ज्याने हादऱ्याने भांडी वाजताना ऐकली आहेत त्यालाच कळेल. खाणीच्या गावात लिहिताना एक उपमा आपोआप सुचते: कच्च्या दगडातून शंभरात जेमतेम एक भाग तांबं निघतं, तसं लेखकाने भाषेतून सत्त्व काढावं. मला ती पटत नाही. दगडातले उरलेले नव्याण्णव भाग टाकून देता येतात, त्यांच्यावाचून तांब्याचं अडत नाही. अलकमधून काढलेलं वाक्य कुठे तरी असावंच लागतं, आणि ते वाचकाच्या डोक्यात असतं. २८० मध्ये लेखक ते स्वतः आणतो, १०४ मध्ये थोडं मागतो, ६१ मध्ये सगळंच मागतो. माप जितकं आवळावं तितका वाचकांचा घेर लहान होत जातो. २८० मराठी वाचणाऱ्या कोणाचीही, ६१ खाणीच्या वसाहतीची. म्हणून ‘सर्वांत छोटी ती सर्वांत चांगली’ हे स्पर्धेतलं म्हणणं मला अर्धंच मान्य आहे. आधी वाचक कोण ते ठरवावं, मग माप.

पुढे ढकलली जाणारी अलक आपल्या गावाबाहेर जाते, हा यातला खरा पेच. गोंदियाहून निघालेली गोष्ट चार दिवसांत ठाण्यात वाचली जाते, आणि तिथे लेखक समजावून सांगायला नसतो. त्यावर एक जुना उपाय आहे, शीर्षक. अलकला शीर्षक नकोच असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि शीर्षकाने शेवट फोडलेल्या अलका पाहिल्या की त्यांचं पटतंही. पण शीर्षकाने शेवट सांगायचा नसतो, शेवटाला लागणारं सामान आत आणायचं असतं. वरच्या एकसष्टला काय कमी आहे? फक्त हादऱ्याचं कारण. ते पुढे लावून दिलं तर:

सुरुंग: खाण बंद झाली. आंधळ्या आजोबांसाठी आजी रोज दुपारी ताटं थरथरवते.

एकोणसत्तर. ठाण्याच्या वाचकाला आता थरथर कशाची ते कळेल. “वाढ” मात्र गेलंच, आणि त्याच्याबरोबर दुपारचं जेवणही. ते परत हवं असेल तर १०४ चाच खर्डा पाठवावा लागेल, म्हणजे दोन संदेशांचे पैसे.